फिटनेसच्या रकान्यातून बीएमआय काढताना: माझा अनुभव

आमच्या शाळेच्या प्रगतिपत्रकात ‘शारीरिक क्षमता’ असा रकाना आहे आणि त्यात वर्षानुवर्षं बीएमआय भरला जायचा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की झाली मुलाची क्षमता! क्रीडाशिक्षक म्हणून मी तो रकाना बदलून घ्यायचं ठरवलं. मैदानावरचं काम सहज झालं. अडलं ते कार्यालयात, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

“सर, सगळ्यांचा मोजता येईल असा एकच आकडा द्या. वजनकाटा आहे, उंचीची पट्टी आहे, मग अडतंय कुठे?” दर वेळी हेच उत्तर. शेवटी मी तेरा वर्षांच्या दोन मुलांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. दोघांची उंची 155 सेंटिमीटर. एकाचं वजन 58 किलो, म्हणजे बीएमआय 24.1. जागतिक आरोग्य संघटनेच्या वयानुसारच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांसाठी 20.8 च्या वर जास्त वजन धरतात, म्हणून त्याच्या नावापुढे लाल शेरा. दुसरा 43 किलोचा, बीएमआय 17.9, शेरा ‘उत्तम’. त्याच आठवड्यात दोघं शटल रन धावले, म्हणजे बीपच्या तालावर दोन रेषांमध्ये टप्प्याटप्प्याने वाढत्या वेगाने ये-जा करायची दमाची चाचणी. लाल शेऱ्याचा मुलगा सातव्या टप्प्यापर्यंत टिकला, ‘उत्तम’वाला तिसऱ्यातच थांबला.

“पण त्याचं वजन जास्त आहेच ना?” असेल, आणि ते बघायला आरोग्य तपासणी आहे. वजन अचानक वाढलं किंवा घटलं तर डॉक्टरांकडे पाठवायला बीएमआय उपयोगी पडतो. पण त्या वजनात स्नायू किती, हाडं किती, चरबी किती हे त्याला कळत नाही, आणि हृदय-फुप्फुसांचा दम तर तो मोजतच नाही. यावर “असे अपवाद असायचेच” म्हणून फाईल पुन्हा बाजूला.

गाडी हलली ती एका मुलीच्या नोंदींमुळे. एका वर्षी ती 150 सेंटिमीटर, 41 किलो. पुढच्या वर्षी 158 सेंटिमीटर, साडेपंचेचाळीस किलो. दोन्ही वर्षी बीएमआय 18.2. त्याच काळात शटल रनमधल्या तिच्या फेऱ्या 18 वरून 38 वर गेल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी दोन्ही आकडे स्वतः ताडून पाहिले आणि म्हणाल्या, “मग या पोरीने वर्षभर केलेली मेहनत आपल्या पत्रकात दिसतच नाही की!” वाढीच्या वयात उंची आणि वजन दोन्ही वाढतात, त्यामुळे बीएमआय जागचा हलत नाही किंवा व्यायामाशी संबंध नसताना हलतो. त्या दिवशी मला खरंच हायसं वाटलं. बीएमआय आरोग्य तपासणीच्या कागदावर गेला आणि या रकान्यात फेऱ्या आल्या.

ही चाचणी घ्यायला फार काही लागत नाही. टेपने मोजून 20 मीटर अंतरावर दोन रेषा आखायच्या आणि बीपचं रेकॉर्डिंग लावायचं. बीप वाजेपर्यंत समोरच्या रेषेला पाय लागला पाहिजे. मूळ पद्धतीत वेग ताशी 8.5 किलोमीटरपासून सुरू होतो आणि दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो. लागोपाठ दोनदा रेषा गाठता आली नाही की थांबायचं. जोड्या लावा: एक धावतो, दुसरा फेऱ्या मोजतो. रेकॉर्डिंग मात्र कायम तेच ठेवा. काहींची सुरुवात ताशी 8 पासून होते, मग यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या फेऱ्यांची तुलनाच करता येत नाही.

पहिल्यांदा धावलेल्याची नोंद घेऊ नका. मुलं सुरुवातीलाच जोरात सुटतात आणि दमतात. वेग कसा राखायचा हे कळलं की दम न वाढताही फेऱ्या वाढतात. शिवाय मित्र थांबला म्हणून थांबणारी मुलं असतातच, त्यांना वेगळ्या गटात धावायला लावा. दम्याचा त्रास असलेल्या किंवा नुकत्याच तापातून उठलेल्या मुलाला त्या दिवशी धावायला लावू नका.

जड मुलाला प्रत्येक फेरीत स्वतःचं जास्त वजन वाहावं लागतं, म्हणून शटल रनमध्येही वजनाचा परिणाम राहतोच. त्यासाठी मी वर्गातला क्रमांक लावत नाही, त्याच मुलाच्या मागच्या फेऱ्या शेजारी लिहितो. आणि पायांची ताकद कळावी म्हणून जागेवरून लांब उडी घेतो. तिच्यात 58 किलोच्या त्या मुलाने वर्गातल्या बहुतेकांना मागे टाकलं, आणि ती नोंदही आता त्याच्या पत्रकात आहे.

एक सांगायचं राहिलं: आरोग्य तपासणीसाठी वजन घ्याल तेव्हा एकेकाला आत बोलवा आणि आकडा मोठ्याने वाचू नका. उंची मोजताना बूट काढून घ्या, वर बांधलेले केस सोडायला सांगा. 58 किलोच्या त्याच मुलाची उंची तीन सेंटिमीटरने कमी लिहिली गेली असती, तर बीएमआय 25.1 झाला असता आणि तो ‘लठ्ठ’ या गटात गेला असता.