तुम्ही विचारलंत म्हणून: चोवीस पायऱ्यांचा हिशोब

"सर, बायनरी सर्च ट्रीमध्ये log n, बी-ट्रीमध्येही log n. मग डेटाबेसवाले इंडेक्ससाठी बी-ट्रीलाच का धरून बसलेत?"

आधी एक कबुली देतो. बी-ट्री तुलना वाचवत नाही. एक कोटी नंबरांतून एक शोधायचा तर दोन्हीकडे साधारण चोवीस तुलना होतात. तुमचं गणित बरोबर आहे. माझंही बरोबर होतं, आणि त्या बरोबर गणितापायी मी एका गिऱ्हाइकाकडे आठवडाभर तोंड लपवत फिरलोय.

2006 सालची गोष्ट. पावत्यांचे नंबर शोधायचा प्रोग्राम होता, सी मध्ये. नवी डोकेबाजी म्हणून मी इंडेक्स स्वतः लिहिला: डिस्कवरच्या फाइलमध्ये एव्हीएल ट्री, म्हणजे स्वतःचा तोल सांभाळणारी बायनरी सर्च ट्री. एक नोड 40 बाइटचा. त्यात नंबर, डावा, उजवा, मूळ नोंदीचा पत्ता आणि तोल सांभाळायची माहिती. पाच लाख पावत्यांवर तपासला, उडत होता. उडणारच, 20 एमबीची फाइल सगळीच्या सगळी मेमरीत बसत होती. पण हे तेव्हा सुचायला हवं होतं ना!

वर्षभराने पावत्या एक कोटीच्या घरात गेल्या आणि फाइल 400 एमबीची झाली. मशीनमध्ये मेमरी 256 एमबी, त्यातली बरीचशी इतर प्रोग्राम खायचे. रोज रात्री एक लाख नंबरांची यादी ताडून बघायचं काम असायचं. पूर्वी चहा होईपर्यंत उरकणारं ते काम आता तीन तासांच्या वर जायला लागलं. मी काय केलं असेल? दोन दिवस तुलना करणारं फंक्शन घासत बसलो. `vmstat` समोर होतं, त्यात `wa` चा रकाना नव्वदच्या खाली येत नव्हता. म्हणजे प्रोसेसर हातावर हात ठेवून डिस्कची वाट बघत होता, आणि मी त्याला अजून वेगाने तुलना करायला शिकवत होतो. आमचे एक वरिष्ठ खुर्ची ओढून बसले, डबीतल्या डिस्कची कटकट ऐकली आणि म्हणाले, "अरे, तुलना कसल्या मोजतोस? हेड किती वेळा हलतंय ते मोज."

मग एका शोधाचे शेवटचे पाच टप्पे छापले. शेवटचा रकाना म्हणजे फाइलमधलं कितवं 4 केबीचं पेज:

```
depth 20  offset 361902080  page 88355
depth 21  offset  11203480  page  2735
depth 22  offset 197340200  page 48178
depth 23  offset  48811640  page 11916
depth 24  offset 274081360  page 66914
```

बाप एकीकडे, मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला, नातू तिसरीकडेच. कारण जुन्या पावत्या दर महिन्याला काढून टाकायचो आणि रिकाम्या झालेल्या जागी नवे नोड बसवायचो. जागा वाया जात नाही म्हणून स्वतःवर खूशही होतो. वर्षभरात झाडातलं नातं आणि फाइलमधला शेजार यांचा काही संबंधच उरला नाही. डिस्क कधी 40 बाइट देत नाही, अख्खं पेज देते. त्या पेजवर शंभरेक नोड, त्यातला एक माझ्या कामाचा.

मेमरीचं मातेरंही तसंच. वरच्या चौदा पायऱ्यांवर सोळा हजारांच्या आसपास नोड येतात, म्हणजे जेमतेम साडेसहा लाख बाइट. पण ते विखुरलेले असल्याने जवळजवळ प्रत्येकासाठी एक पेज अडकून पडतं, आणि 64 एमबीपर्यंत मेमरी तिथेच संपते. उरल्या दहा पायऱ्यांसाठी दहा वेळा डिस्कवर. 7200 आरपीएमची डिस्क होती. हेड जागेवर न्यायला आठेक मिलिसेकंद, वर सरासरी अर्धा फेरा फिरायला चार. बारा गुणिले दहा गुणिले एक लाख: बारा हजार सेकंद, तीन तास वीस मिनिटं. घड्याळ तेच सांगत होतं.

तयार बी-ट्री लायब्ररी लावली आणि काम वीस मिनिटांवर आलं. त्यात जादू नाही, बी-ट्रीचा एक नोड म्हणजे अख्खं एक पेज, नोंदींनी भरलेलं. आजच्या पोस्टग्रेस डेटाबेसचे आकडे घेऊन सांगतो. पेज 8 केबीचं, 8 बाइटच्या नंबरासाठी एका नोंदीला सगळं धरून 20 बाइट लागतात, म्हणजे चारशेच्या आसपास नोंदी. इंडेक्स नव्याने बांधताना तळाचं पेज 90 टक्केच भरतात, तर 366. एक कोटीला तळाची सत्तावीस हजार तीनशेच्या वर पेजेस, त्यांच्यावर शंभरेक, सगळ्यांत वर एक. वरची शंभरेक मिळून एक एमबीसुद्धा होत नाही, ती मेमरीत मुक्कामालाच असतात. डिस्कवर जायचं ते एकदा, तळाच्या पेजसाठी. तुलना चोवीसच, पण त्या आता तीन पेजेसच्या पोटात, मेमरीत होतात.

तेव्हाचा 'मी' यावर वाद घालायचा, आणि तो 'मी' अगदीच मूर्ख नव्हता. तो म्हणायचा, यादी आधी क्रमाने लावून घे, वरचा रस्ता सामायिक होईल. खरंय, पण एक कोटीतले एक लाख म्हणजे साधारण सतराव्या पायरीपर्यंतच रस्ता सामायिक. खालच्या सातेक पायऱ्या तरीही प्रत्येकाच्या वेगळ्या. बी-ट्रीत मात्र क्रमाने गेलं की शेजारचे नंबर एकाच पेजवर सापडतात. मग तो म्हणायचा, सहा-सहा पायऱ्यांची छोटी झाडं एकेका पेजमध्ये कोंब, त्रेसष्ट नोड मावतात, चोवीसचे चार टप्पे होतात. हेही खरंय. मी करून बघितलं. तोल साधायला नोडांची अदलाबदल, म्हणजे एक रोटेशन झालं की एक नोड या पेजमधून त्या पेजमध्ये हलवावा लागतो, तिथे जागा नसते, मग ते पेज फोडायचं... तिसऱ्या रात्री लक्षात आलं की मी बी-ट्रीच लिहितोय, आणि वाईट लिहितोय. बायर आणि मॅकक्राइट यांनी बोइंगच्या प्रयोगशाळेत 1970 सालीच पेज हाच नोड मानला होता. पेज भरलं की दोन करायची, मधला नंबर वर पाठवायचा. झाड मुळाकडून उंच होतं, म्हणून तळाची सगळी पेजेस आपोआप एकाच खोलीवर राहतात. रोटेशनची भानगडच नाही.

रुंद नोड फुकट मिळतो असं मात्र समजू नका. 20 बाइटची एक नोंद घातली तरी लिहायचं असतं अख्खं 8 केबीचं पेज. यूयूआयडीसारखे विस्कळीत नंबर येत राहिले तर पेजेस कुठेही फुटतात आणि सरासरी 69 टक्क्यांच्या आसपासच भरलेली राहतात. आणि रुंदी तुमच्या नंबराच्या आकारावर अवलंबून असते. 8 बाइटच्या जागी शंभर अक्षरी इंग्रजी मजकुरावर इंडेक्स केलात तर पेजमध्ये सत्तरेक नोंदी उरतात आणि तीन पायऱ्यांच्या चार-पाच होतात. 'इंडेक्स आहे तरी हळू का' असं विचारणाऱ्यांनी कधी कॉलमची लांबी बघावी.

एसएसडी आली, आता काय, हाही प्रश्न येतोच. हेड गेलं, पेज राहिलं. एक वाचन बारा मिलिसेकंदांऐवजी शंभरेक मायक्रोसेकंदांवर आलं, तरी दहा वाचनं ही एकाच्या दहापटच. अगदी सगळं मेमरीत असलं तरी प्रोसेसर 64 बाइटच्या तुकड्यांनी उचलतो, म्हणून रस्ट भाषेतला `BTreeMap` निव्वळ मेमरीतसुद्धा एका नोडमध्ये अकरापर्यंत नंबर ठेवतो. चारशे नाही, दोनही नाही, अकरा. डिस्कसाठी पेज 4, 8 की 16 केबीचं यावर तर एकमतच नाही: पोस्टग्रेस 8 घेतो, मायएसक्यूएलचा इनोडीबी 16, एसक्यूलाइट 4. मी तिन्हींवर माझी ती जुनी पावत्यांची फाइल चालवून पाहिली. निकाल डिस्क बदलली की बदलतो.