आमची वाटचाल : अंतरपाटामागची नावे

दारव्हा तालुक्यात आम्ही फ्लेक्स छापत होतो. लग्नपत्रिकेचे व्हिडिओ हाती घेतले, तेव्हा तोरण, कलश, मोर ही चित्रे हलवणे आम्हाला अवघड वाटले नाही. आमचे दुकान बुडता बुडता राहिले ते एका वेलांटीमुळे.

त्या हंगामात नावे एकेका अक्षराने उमटवण्याची पद्धत होती. एका वधूच्या नावाचे पहिले अक्षर ‘नि’ होते. वेलांटी टंकली जाते अक्षरानंतर आणि दिसते मात्र अक्षराआधी. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरने अक्षरे सुटी करताच आधी उघडा ‘न’ आला आणि वेलांटी त्याच्या मागे लोंबकळत राहिली. आम्ही शेवटची, स्थिर चौकट तेवढी तपासली होती आणि तिच्यात नाव बरोबर होते. वधूकडच्यांनी व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा पहिल्या दोन सेकंदांतली मोडतोड साऱ्यांनी पाहिली.

त्यानंतर शेजारच्या एका दुकानदाराने आमच्या अर्ध्या दरात तयार साचे विकायला घेतले आणि ‘त्यांना मराठी लिहिता येत नाही’ असे तो गिऱ्हाइकांना सांगू लागला. अकरा ऑर्डरी परत गेल्या. हे बोल मला आजही सलतात, कारण चूक आमच्या मराठीची नव्हती, यंत्राला अक्षरे तोडू देण्याची होती. त्या दिवसांत एका मंडपवाल्या काकांनीच, ‘गड्या, माह्या पोरीची पत्रिका तूच कर,’ म्हणून विश्वास टाकला.

त्यांच्या पत्रिकेसाठी प्रथम सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये `South Asian and Middle Eastern` हे टेक्स्ट इंजिन निवडले, म्हणजे जोडाक्षरे जुळून येतात. तरीही अक्षर सुटे करून हलवायचे नाही, असे ठरवले. दोन्ही नावे पूर्ण लिहून त्यांच्यापुढे स्वस्तिक काढलेला अंतरपाट धरला. शेवटच्या मंगलाष्टकाला तो सरतो तसा इथे बाजूला सरकला आणि नावे अखंड उघडली. पाच सेकंद ती हलत नाहीत, कारण आजीला चष्मा लावून वाचता आली पाहिजेत. त्यानंतर स्थळ येते, गावाबरोबर तालुकाही. नकाशाची लिंक व्हिडिओत दाबता येत नाही, म्हणून ती संदेशात वेगळी पाठवतो. खाली तीस सेकंदांची सनई वाजते, आमच्याच गावच्या वाजंत्र्यांकडून परवानगीने ध्वनिमुद्रित केलेली. सिनेमाचे गाणे घेतले, तर अपलोड होताच आवाज बंद पडू शकतो.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, व्हिडिओ स्वस्तातल्या मोबाइलवर, एकेक चौकट थांबवून पाहा, आणि नावांच्या चौकटीचे चित्र वधूवरांच्या घरी आधी पाठवून ‘बरोबर’ असे लेखी उत्तर घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे बारीक अक्षरे धूसर होत नाहीत.

काकांच्या धाकट्या मुलीची पत्रिकाही आम्हीच केली. त्या दुकानदाराच्या साच्यांतही आता अंतरपाट आला आहे, मात्र तो सरकल्यावर नावे अजून एकेका अक्षरानेच उमटतात.