पन्नास चालींचा हिशोब

तीन दिवसांत एक चाल. आमचा ऑनलाइन बुद्धिबळाचा डाव या वेळेचा होता. समोरच्याने चाल केली की आपल्याला तीन दिवस मिळतात, मग ती दोन मिनिटांत करा किंवा तिसऱ्या रात्री झोपण्यापूर्वी. आज दुपारी तो डाव बरोबरीत सुटला. त्याबद्दल सविस्तर लिहून ठेवायचं आहे, कारण पटावर जे झालं आणि पटाच्या बाजूच्या छोट्या चौकटीत जे झालं, ते मला वेगळं काढता येत नाही.

आमची ओळख पाच-पाच मिनिटांच्या डावांतली. तिथे जोडी आपण निवडत नाही. त्या क्षणी खेळायला बसलेल्यांपैकी ज्याचं मानांकन आपल्या जवळचं असेल, तो समोर येतो. रात्री उशिरा खेळणारे कमी असतात, त्यामुळे तेच टोपणनाव पुन्हा पुन्हा दिसू लागलं. आमची ताकद जवळपास सारखी. कधी एक जिंकायचा, कधी दुसरा, मानांकनं फारशी हलायची नाहीत आणि पुढच्या वेळी पुन्हा आम्हीच समोरासमोर. पाच मिनिटांच्या डावात बोलणं होत नाही. सुरुवातीला ‘शुभेच्छा’, शेवटी ‘छान डाव’, संपलं. मग एकदा त्यांच्याकडून संथ डावाचं आव्हान आलं. मी लगेच स्वीकारलं.

संथ डावात बोलायला जागा असते, पण एक गोष्ट दोघांनीही न ठरवता पाळली. चालू डावाबद्दल अवाक्षर नाही. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे विचलित करायला मनाई आहे. ‘हा उंट कुठे चालला?’ असं नुसतं लिहिलं तरी समोरचा त्या उंटाकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो. म्हणून पट सोडून बाकी सगळं बोलायला मोकळं. मला वाटतं, याच बंधनामुळे आमचं बोलणं सुरू झालं. पटावर बोलता आलं असतं तर आम्ही फक्त पटावरच बोललो असतो.

सुरुवात झाली ती चालींच्या वेळेवरून. प्रत्येक चालीशेजारी ती केव्हा झाली हे दिसतं. त्यांच्या चाली रात्री दोन-तीनच्या सुमाराला येत. मी विचारलं, ‘तुम्हीही रात्रपाळीला असता का?’ उत्तर दुसऱ्या दिवशी, चालीबरोबरच आलं. ‘नाही. वडील आजारी आहेत. रात्री त्यांच्याजवळ मी बसते.’ समोर एक बाई आहे, हे तेव्हा कळलं. मी माझ्या रात्रपाळीबद्दल लिहिलं. पहाटे चार वाजता सगळ्यात जास्त झोप येते, तेव्हा उभं राहून काम करतो, असं काहीतरी. मग हे असंच चालू राहिलं. एक चाल, दोन ओळी. कधी नुसती चाल. नुसती चाल आली की मला वाटायचं, आज तिकडे ठीक नाही.

बुद्धिबळ त्यांना वडिलांनीच शिकवलं. वडील आता पट मांडून बसू शकत नाहीत, पण त्या फोन त्यांच्यासमोर धरत आणि ते मोहऱ्यांकडे बघत. ‘सुचवत काही नाहीत,’ त्यांनी आवर्जून लिहिलं, ‘चालू डावात सुचवायचं नसतं, हे त्यांनीच मला शिकवलंय.’ हे वाचून मला त्या अनोळखी माणसाबद्दल खूप आदर वाटला.

डावाची मधली वाटचाल थोडक्यात सांगतो. पांढरी मोहरी त्यांची. वजीर लवकर मारामारीत गेले, एक प्यादं मी गमावलं, हळूहळू बाकीचंही गेलं. उरलं ते असं: त्यांचा राजा, हत्ती आणि एक प्यादं, माझा राजा आणि हत्ती. त्यांचा राजा d5 वर, प्यादं e5 वर, हत्ती a7 वर. माझा राजा e8 वर, म्हणजे प्याद्याच्या वाटेतच, आणि हत्ती h6 वर.

हत्तीचे शेवट शिकलेल्याला ही स्थिती बघताक्षणी ओळखू येते. फिलिडोर या फ्रेंच खेळाडूने (तो संगीतकारही होता) १७७७ मध्ये तिचा बचाव मांडला आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. बचाव सोपा, पण काटेकोर आहे. काळ्याने आपला हत्ती सहाव्या ओळीवर ठेवायचा, म्हणजे पांढरा राजा त्या ओळीत चढू शकत नाही. राजाच्या मदतीशिवाय प्यादं पुढे नेण्यात अर्थ नसतो. हत्ती सहाव्या ओळीवर आहे तोवर काळा नुसता इकडून तिकडे सरकत राहू शकतो.

‘नुसता’ म्हटलं तरी डोळे उघडे लागतात. d6 आणि f6 या घरांवर e5 च्या प्याद्याचा मारा आहे, c6 वर गेलो तर राजाच हत्ती खातो. म्हणजे मला a6, b6, g6 आणि h6 एवढीच घरं. त्यातही पांढरा हत्ती g7 वर येऊन बसला असेल तर g6 वर जायचं नाही. मी प्रत्येक चाल मन लावून खेळलो.

इथे शिष्टाचार असा आहे की बरोबरी जवळजवळ ठरलेली असेल तर जो वरचढ आहे त्याने ती देऊ करावी. कमकुवत बाजूने सारखी मागणी करणं हा त्रासच. मी मागितली नाही. त्यांनी दिली नाही. त्यांचा हत्ती a7 वरून b7 वर गेला. माझा h6 वरून g6 वर. त्यांचा पुन्हा a7 वर. मग एक शह, माझा राजा e7 वर, पुन्हा शह, राजा पुन्हा e8 वर. तीच स्थिती तिसऱ्यांदा येऊन डाव बरोबरीत सुटू नये इतका बदल त्या प्रत्येक वेळी नेमका करत होत्या.

तेव्हा मी पन्नास चालींच्या नियमाचा विचार करू लागलो. दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या आणि त्यात एकही प्यादं हललं नाही, एकही मोहरा मारला गेला नाही, तर बरोबरीचा दावा करता येतो. पटावर समोरासमोर बसून खेळताना या पन्नास चाली तासाभरात संपतात. आमच्या डावात दोघांच्या मिळून शंभर चाली, आणि प्रत्येकीला तीन दिवसांपर्यंत मुभा. म्हणजे पूर्ण वेळ घेतला तर तीनशे दिवस. या विचाराने मला कंटाळा आला नाही, बरं वाटलं. समोरची व्यक्ती जिंकायला खेळत नव्हती याची मला खात्री होती. जिंकायला खेळणारा माणूस राजाला दुसऱ्या बाजूने नेऊन बघतो, माझ्या राजाला वाटेतून हुसकावायचा प्रयत्न करतो. त्यांचा राजा d5 वरून हललाच नाही.

त्या दिवसांत सर्वात जास्त बोलणं झालं. वडिलांना श्वास घ्यायला त्रास होत होता, मग रुग्णालय, मग तपासण्या. त्या फार तपशील देत नसत. ‘आज बरी झोप लागली त्यांना.’ ‘आज नाही.’ मी सल्ले दिले नाहीत. मला त्यातलं कळत नाही, आणि त्यांनी ते मागितलेही नव्हते. मी माझ्या पाळीवरचं काहीबाही लिहायचो आणि हत्ती चार घरांपैकी एकावर ठेवायचो. पहाटे तीन वाजता त्यांची चाल आली की मीही जागाच असायचो, बहुतेक वेळा लगेच उत्तर द्यायचो. मग एका रात्रीत पाच-सहा चालीही व्हायच्या.

परवा सकाळी, उजाडल्यावर, त्यांची चाल आली. प्यादं e6 वर. बरोबर ओळ होती: ‘बाबांना घरी आणलं.’

या चालीनंतर पन्नासाची मोजणी पुन्हा शून्यावर येते, हे खरं. पण डाव लांबवायचा असेल तर कुणी ही चाल करत नाही. प्यादं e6 वर गेलं की पांढऱ्या राजाला पुढे आडोसा उरत नाही, आणि हत्तीने सहावी ओळ सोडण्याची हीच वेळ असते. मी हत्ती सरळ h1 वर, पार खालच्या ओळीत नेला. त्यांचा राजा d6 वर आला; आता a8 वर हत्तीचा शह म्हणजे मात. पण शह द्यायची पाळी माझी होती. d1 वरून शह, राजा e5 वर. e1 वरून शह, राजा पुन्हा d6 वर. पुन्हा d1, पुन्हा e5. राजा हत्तीपासून दूर असल्याने त्याला हे शह चुकवता येत नाहीत, आणि तो खाली उतरला तर e6 चं प्यादं माझा हत्ती खातो. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली आणि आज डाव संपला.

डाव संपल्यावर त्यावर बोलायची मुभा मिळाली. त्यांनी पहिल्यांदाच लांबलचक लिहिलं. ‘ही बरोबरी आहे हे मला केव्हाच माहीत होतं. तुम्हालाही असणार. पण रात्री बाबांजवळ बसून नवा डाव सुरू करायचं धैर्य नव्हतं. नव्या डावात विचार करावा लागतो, हरायची धाकधूक असते. इथे काहीच बिघडणार नव्हतं. हत्ती उचलायचा, ठेवायचा. आणि कुणीतरी उत्तर देतंय एवढं कळायचं. तुम्ही बरोबरी मागाल अशी रोज भीती वाटायची.’

मी लिहिलं, ‘मागणार नव्हतो.’

त्यांचा पुढचा प्रश्न खास बुद्धिबळाचा होता. e6 नंतर हत्ती सहाव्या ओळीवरच ठेवला असता तर मी हरलो असतो का? आम्ही दोघांनी ते बसून तपासलं. असतो. राजा d6 वर येतो, आठव्या ओळीवर मातेची धमकी उभी राहते आणि माझ्या हत्तीला मागून शह द्यायला वेळ उरत नाही. त्यांनी सांगितलं की लहानपणी याच स्थितीत हत्ती वर ठेवून त्या वडिलांकडून हरल्या होत्या, आणि वडिलांनी त्याच संध्याकाळी h1 ची चाल पुन्हा पुन्हा करून घेतली होती. परवा e6 ची चाल बाबांनी फोनवर बघितली, आणि माझा हत्ती खाली गेल्याचं दाखवल्यावर त्यांनी मान डोलावली, असंही लिहिलं.

संध्याकाळी नवा डाव सुरू झाला. या वेळी पांढरी मोहरी माझी. मी e4 खेळलो. आजवर त्यांचं उत्तर नेहमी e5 असायचं, समोरासमोरचं, शांत. आज त्यांनी c5 खेळलं. सिसिलियन बचाव, ज्यात दोन्ही बाजूंची प्यादी वेगवेगळी मांडली जातात आणि बरोबरीकडे डाव सहज वळत नाही. वेळ तीच आहे, चालीला तीन दिवस. मी अजून घोडा f3 वर काढलेला नाही. आधी सिसिलियनच्या जुन्या वह्या शोधून वाचायच्या आहेत.