माझा अनुभव : षष्ठीच्या कीर्तनाचं आख्यान ठरवताना

नाथषष्ठीच्या उत्सवात नारदीय कीर्तन करायचं होतं. मूळपद मी लगेच ठरवलं, तुकोबांचं 'जे का रंजले गांजले'. पूर्वरंगाला आधार म्हणून गीतेतला पाचव्या अध्यायातला 'विद्याविनयसंपन्ने' श्लोक घेतला, कारण त्यात गाय, हत्ती आणि कुत्रा या सगळ्यांकडे समदृष्टीनं पाहायला सांगितलंय. तिथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते आख्यानावर. संयोजकांचा आग्रह श्रीखंड्याचा होता. "ताई, देव बारा वर्षं नाथांघरी पाणी भरतो, लोकांना तेच आवडतं." आवडतं हे खरं, पण माझ्या पदाला ते लागू पडत नाही. पद सांगतं, गांजलेल्याला आपलं म्हणणारा तो साधू. श्रीखंड्याच्या कथेत सेवा देव करतो आणि ती नाथांना मिळते. रंजलेला कोण, हे श्रोत्याला सापडतच नाही. पूर्वरंगात मांडलेला सिद्धांत उत्तररंगात घडताना दिसला पाहिजे, नाहीतर एका बैठकीत दोन वेगळी कीर्तनं होतात. हे पटवण्यात फार दिवस गेले आणि त्याचा राग अजून आहे.

मला हवी होती ती काशीच्या कावडीची कथा: रामेश्वराला न्यायचं गंगाजल नाथ वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजतात. "ती तर शाळेतली गोष्ट, पाच मिनिटांत संपेल," असं उत्तर आलं. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून मी तो लपवायला गेलेच नाही. वेळ दिला सोबतच्या यात्रेकरूंच्या आक्षेपाला. इतक्या दूरवरून वाहून आणलेलं पाणी, रामेश्वराचा अभिषेक, यात्रेचं पुण्य, हे सगळं ते तळमळीनं बोलतात. त्यांची बाजू दुबळी केली की नाथही लहान होतात. उन्हाच्या वाटेला कटाव घेतला, गाढवाच्या तळमळीला दिंडी. कावड रिकामी होते तिथे नवीन श्लोक घातला नाही, मूळपदाचं ध्रुवपदच म्हटलं. दाखला वेगळा द्यावा लागला नाही.

तात्पर्यासाठी प्रवचन नको. त्याच अभंगातला 'दया करणे जे पुत्रासी' हा चरण मी पूर्वरंगात मुद्दाम राखून ठेवला होता. पोटच्या पोरावरची माया दासदासींवरही करावी, हा त्याचा अर्थ. कथेनंतर तो गायला, दोन वाक्यं बोलले आणि 'हेचि दान'कडे वळले.

हो, एक राहिलं. मध्यंतरी नामगजर चालू असताना बुक्का लावतात, तेव्हाच पेटीवाल्याला कटावाची लय सांगून ठेवा, कारण उत्तररंग सुरू झाला की थांबून सांगता येत नाही. आणि आख्यानाची वेळ घरी पदं गाऊनच मोजा, कारण वाचून मोजलेली वेळ हमखास कमी भरते.