आमची वाटचाल : हळकुंडाचा कोंब कुठल्या अंगाला?

आमचं दुकान सांगलीच्या खणभागात. वडिलांनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, बोर्ड रंगवण्यापासून सुरुवात केली. हार्डवेअरच्या दुकानांच्या शटरवर त्यांनी एशियन पेंट्सचा गट्टू कित्येकदा काढला. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटलेला तो खट्याळ पोरगा, हातात ब्रश आणि रंगाचा डबा, कपाळावर केसांची बट. आण्णा सांगायचे, ‘बट आणि डबा नीट आला की बाकी थोडं हललं तरी लोक गट्टूच म्हणतात.’ पुढे फ्लेक्स आला, ब्रशचं काम आटलं. आम्ही स्क्रीन प्रिंटिंग आणि डिझाइनकडे वळलो. पण ते वाक्य मला खऱ्या अर्थाने कळलं ते मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यांच्या कामात.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर शेठना स्वतःच्या नावाने पाकीट काढायचं होतं आणि त्यावर गट्टूसारखं एक पात्र हवं होतं. पाकिटावर, कापडी पिशवीवर आणि दुकानाच्या दारात उभी पाच फुटांची फायबरची मूर्ती म्हणूनही.

माझं पहिलं चित्र म्हणजे फेटा, मिशा, धोतर, कमरेला शेला, हातात सुपलं. शेठना आवडलं. मला मात्र खात्री वाटेना. गल्लीतली सात-आठ पोरं बोलावली, चित्र मोजून दहा सेकंद दाखवलं, उलटं ठेवलं आणि म्हटलं, ‘आता काढा.’ प्रत्येकाचं वेगळं आलं. कुणाचा राजा, कुणाचा बँडवाला. हळद कुणाच्याच कागदावर नव्हती.

मग यार्डातून मूठभर हळकुंडं आणून टेबलावर ओतली. हळकुंडाचा घाट सरळ नसतो, जरा कललेला असतो. अंगावर कडी असतात आणि कडेला एखादा कोंब फुटलेला असतो. मी दोन्ही टोकांना गोल असा एक लांबट आकार काढला, तो किंचित डावीकडे कलता केला आणि डोक्याच्या उजव्या अंगाला एक छोटा कोंब दिला. दोन टपोरे डोळे, एक हसू, अंगावर तीन कडी, खाली दोन गोल पाय. फेटा, मिशा, सुपलं सगळं गेलं. तेच चित्र पूर्ण काळं भरून पाहिलं. डोळे-तोंड नसतानाही ते हळकुंडच दिसत होतं. पोरांना पुन्हा बसवलं, या वेळी कोंब सगळ्यांनी काढला.

रंगांत आमची धांदल उडाली. हळदीचं पात्र पिवळं असणार हे ठरलेलं, पण शेठचं पाकीटही पिवळंच होतं. शिवाय मी डोळ्यांत पांढरा भरला होता. मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल केला, तर पिवळा आणि पांढरा जवळजवळ एकाच छटेचे दिसले. डोळे विरघळून गेले होते. पिवळा स्वतःच इतका फिका आहे की त्याच्यावर पांढरं टिकत नाही, त्याला गडद सोबती लागतो. शेवटी अंगाला गडद पिवळा, बाहेरची रेघ आणि डोळे काथ्या तपकिरी, आणि कोंबाच्या टोकाला तेवढा एक हिरवा. तीनच रंग. पाकिटाची जमीन आम्ही फिकट दुधी करायला लावली.

तीनवर थांबायला स्क्रीन प्रिंटिंगचंही कारण होतं. पिशवीवर प्रत्येक रंगाची जाळी वेगळी, छापाची फेरी वेगळी. रंग वाढला की खर्च वाढतो आणि एकमेकांत न बसण्याचा धोकाही. पिवळा आधी छापायचा आणि तपकिरी रेघ त्याच्या कडेवर साधारण अर्धा मिलिमीटर चढवायची. नाहीतर कापड जरा सरकलं की मध्ये पांढरी फट दिसते.

इथवर ठीक चाललं होतं. चूक झाली ती मूर्तीच्या कागदात. पात्र चारी अंगांनी कसं दिसतं ते एका ओळीत काढतात त्याला टर्नअराउंड शीट म्हणतात. मी समोरून, पाऊण म्हणजे थोडं तिरकं वळलेलं, बाजूने आणि मागून अशी चार चित्रं दिली. बाजूचं एकच काढलं, मनात हिशोब असा की दुसरी बाजू म्हणजे तेच चित्र उलटवलेलं. मिरजेच्या मूर्तिकारांनी साचा केला. बघायला गेलो तर कोंब डाव्या अंगाला, आणि मूर्ती पोट पुढे काढून उभी राहिल्यासारखी दिसत होती. ते शांतपणे माझा कागद पुढे धरून म्हणाले, ‘दादा, ह्यो कोंब कुठल्या अंगाला? समोर उजवीकडं दावलाय, मागच्या चित्रातबी उजवीकडंच हाय.’

‘समोर उजवीकडं’ म्हणजे त्यांनी बघणाऱ्याचं म्हटलं होतं, आणि कागदावर तसंच होतं. माझा कोंब पात्राच्या उजव्या हाताला, म्हणजे समोरच्या चित्रात आपल्या डावीकडे यायला हवा होता. मागून पाहताना आपण आणि पात्र एकाच दिशेला तोंड करतो, तेव्हा तो आपल्या उजवीकडे. मागचं चित्र बरोबर होतं, समोरचं मीच पाकिटाच्या मांडणीसाठी उलटवून ठेवलेलं तसंच शीटवर गेलं. बाजूच्या चित्रात तर मी कलही काढला होता. आकार डावीकडे कललेला असेल तर बाजूने तो सरळच दिसणार. बाजूच्या चित्रात बाक दिला की मूर्तिकार तो पुढे आलेला समजणार, आणि त्यांनी तसंच केलं.

साचा मोडावा लागला, त्याचे पैसे आम्ही भरले.

नवीन शीट ए-३ कागदावर आडवी आखली. प्रत्येक चित्र १५ सेंटिमीटर उंच, म्हणजे मूर्ती बरोबर दहापट, १५० सेंटिमीटर. डोक्याचा माथा, डोळे, तोंड, पहिलं कडं आणि पाय अशा पाच आडव्या रेघा कागदभर ओढल्या आणि सगळी चित्रं त्यांतच बसवली. एका चित्रात डोळा दोन मिलिमीटर वर गेला तर मूर्तीत तो दोन सेंटिमीटर वर जातो. अंगाची रुंदी सगळीकडून सहा सेंटिमीटरच ठेवली, कारण आडवा छेद घेतला तर अंग गोल आहे. कोंब एकाच अंगाला असल्याने चारऐवजी पाच चित्रं केली, दोन्ही बाजू वेगवेगळ्या. उजव्या बाजूने बघताना कोंब आपल्याकडे रोखलेला असतो, म्हणून तो लांब न दिसता गोल बटणासारखा दिसतो. डावीकडून तो डोक्याआड जातो, माथ्यावर फक्त हिरवं टोक डोकावतं. ते डोकावावं म्हणून मी कोंब मुद्दाम माथ्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर उंच केला.

तपासायची एक साधी रीत तेव्हापासून आम्ही पाळतो. समोरचं चित्र काळं भरून ट्रेसिंग पेपरवर घ्यायचं, कागद पालथा करायचा आणि मागच्या चित्रावर ठेवायचा. बाहेरची कड तंतोतंत जुळली पाहिजे. जुळली नाही तर दोन्हींपैकी एक चित्र खोटं आहे. डाव्या-उजव्या बाजूंच्या चित्रांचंही तसंच. चेहऱ्याचं पाऊण चित्र यात तपासता येत नाही, ते नजरेनंच पाहावं लागतं. त्यात लांबचा डोळा थोडा अरुंद आणि कडेच्या जवळ हवा.

आता प्रत्येक शीटवर कोंब, खिसा, तीळ असं जे एकाच अंगाला असेल त्याला बाण काढून ‘त्याचा उजवा’ किंवा ‘त्याचा डावा’ असं आम्ही हाताने लिहितो. गेल्या महिन्यात तासगावच्या बेदाण्याचं काम आलं, तेव्हा मिरजेच्या मूर्तिकारांनी दराआधी शीट मागितली आणि टेबलावर ठेवून आधी त्या बाणांवर बोट फिरवलं.