आमची वाटचाल : चित्रमुद्रित व्याख्यानातील पेनच्या रेघा पुसण्याचे काम

इंदूरच्या रामबागेत आमची संस्था सुरू झाली तेव्हा लग्नसमारंभांच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून देणे हाच आमचा व्यवसाय होता. 2020 मध्ये भंवरकुआँ भागातले शिकवणी वर्ग बंद झाले, शिक्षक घरून स्लाइड दाखवत व्याख्याने चित्रमुद्रित करू लागले आणि संपादनासाठी त्यांच्या फाइली आमच्याकडे येऊ लागल्या. त्यांतील एक मागणी पुन्हा पुन्हा येत राहिली : शिकवताना स्लाइडवर ओढलेल्या पेनच्या रेघा आणि हायलायटरचे पट्टे काढून द्या, म्हणजे तेच व्याख्यान पुढच्या तुकडीला दाखवता येईल. आज आमच्या कामाचा मोठा भाग हाच आहे.

असे काम आले की आम्ही पहिल्यांदा मूळ पॉवरपॉइंट फाइल मागतो. पॉवरपॉइंटमध्येच व्याख्यानाचे चित्रमुद्रण केले असेल आणि ती फाइल शिल्लक असेल, तर प्रत्येक रेघ ही स्लाइडवर ठेवलेली स्वतंत्र वस्तू असते आणि आवाजही स्लाइडगणिक वेगळा असतो. Alt+F10 दाबून निवडपट्टी उघडली की त्या रेघा मजकुराच्या चौकटींपासून वेगळ्या दिसतात. त्या निवडून Delete करायच्या आणि व्हिडिओ पुन्हा तयार करायचा, एवढ्यावर काम भागते. दुर्दैवाने बहुतेक शिक्षकांकडे फक्त MP4 उरलेली असते. तिच्यात रेघ आणि मजकूर यांचे एकच चित्र झालेले असते, म्हणून रेघ पुसण्याचा प्रश्नच उरत नाही. तिच्या जागी स्वच्छ चित्र ठेवावे लागते आणि ते बहुधा त्याच व्हिडिओत शोधावे लागते.

एका निवृत्त भूगोल प्राध्यापकांचे नर्मदेवरील व्याख्यान हे याचे चांगले उदाहरण आहे. चित्र 1280×720 आकाराचे होते आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात सर बोलताना दिसत होते. स्लाइडवर बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर ही चार धरणे उगमाकडून समुद्राकडे अशा क्रमाने, प्रत्येक क्लिकला एक ओळ, याप्रमाणे येत होती. पहिल्या दोन ओळी आल्यावर एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आणि उत्तर देताना सरांनी इंदिरा सागरभोवती लाल पेनने मोठे वर्तुळ काढले, ते खालच्या मोकळ्या जागेतही उतरले. प्रश्नोत्तरांचा भाग नव्या आवृत्तीत नको होता. पण तो कापला तरी वर्तुळ पुढच्या कित्येक मिनिटांवर तसेच राहणार होते, आणि ते कशासाठी काढले हे नव्या विद्यार्थ्याला मुळीच कळले नसते.

पहिली स्वच्छ चौकट, म्हणजे व्हिडिओतले एक स्थिर चित्र, आम्ही रेघ सुरू होण्याच्या किंचित आधीची घेतली. स्लाइड बदलल्याबरोबरची चौकट घेणे सोपे वाटते, पण दाबून लहान केलेल्या व्हिडिओत स्लाइड सुरुवातीला अंमळ धूसर असते आणि हळूहळू स्पष्ट होत जाते. तिथून उचललेले चित्र आजूबाजूच्या चित्रापेक्षा मऊ दिसते. ही चौकट आम्ही PNG म्हणूनही काढत नाही. PNG मध्ये जाताना रंगांचे रूपांतर होते आणि परतताना त्या रूपांतराचे सूत्र जुळले नाही, तर बसवलेल्या भागाची छटा बदलते. त्यापेक्षा ffmpeg या व्हिडिओवर काम करणाऱ्या साधनाने एका चौकटीचा, गुणवत्ता न घटवणारा व्हिडिओ काढून ठेवलेला बरा :

```
ffmpeg -ss 1868 -i vyakhyan.mp4 -frames:v 1 -an -c:v ffv1 saaf1.mkv
```

मग सरांचे चित्र झाकले जाऊ नये म्हणून तिचा फक्त वरचा भाग, रेघ सुरू झाल्यापासून तिसरी ओळ येईपर्यंत, मूळ चित्रावर बसवला :

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -i saaf1.mkv -filter_complex \
"[1:v]crop=1280:576:0:0[s];[0:v][s]overlay=0:0:enable='between(t,1870,2000)'" \
-c:v libx264 -crf 18 -c:a copy nava.mp4
```

खरी अडचण त्यापुढे होती. तिसरी ओळ, ओंकारेश्वरची, वर्तुळाच्या खालच्या कडेखालीच उमटली. पेनची शाई अपारदर्शक असते, त्यामुळे तिच्याखालची अक्षरे त्या चित्रात कुठेच नसतात आणि रेघेआधीच्या चौकटीत ती ओळ अजून आलेलीच नव्हती. अशा वेळी मागे न पाहता पुढे पाहावे लागते. व्याख्यानाच्या शेवटी उजळणी करताना सरांनी हीच स्लाइड चारही ओळींसह पुन्हा उघडली होती, आणि त्या वेळी तिच्यावर एकही खूण नव्हती. तिथून दुसरी चौकट घेतली आणि तिच्यातील वरच्या तीन ओळींचाच पट्टा कापून, तिसरी ओळ आल्यापासून स्लाइड संपेपर्यंत बसवला. चौथ्या ओळीपर्यंत शाई पोचलेली नव्हती, म्हणून ती मूळ चित्रातलीच ठेवता आली आणि वेळेवर आपोआप उमटली. तिसरी ओळ मुळात हळूच उजळत येत होती, ती आता एकदम येते. हा फरक आम्ही सरांना आधीच दाखवला. प्रश्नोत्तरांची कापाकापी सगळ्यात शेवटी केली, कारण ती आधी केली असती तर सेकंदांचे सगळे आकडे सरकले असते.

तपासणीसाठी मूळ आणि नवा व्हिडिओ एकमेकांवर ठेवून त्यांची वजाबाकी पाहतो. काळ्या पडद्यावर फक्त काढलेले वर्तुळ चमकले पाहिजे. सगळ्या अक्षरांच्या कडा चमकल्या तर चित्र एखाद्या पिक्सेलने सरकले आहे, आणि सगळा पट्टाच सारखा उजळला तर रंगछटा बिघडली आहे, असे समजावे. त्याच तपासणीत रेघेच्या बाहेर लालसर कड उरलेली दिसते का, तेही पाहतो : व्हिडिओत रंगाची नोंद बहुधा उभ्या-आडव्या निम्म्याच तपशिलाने ठेवलेली असते, त्यामुळे रंग रेघेबाहेर थोडा सांडतो आणि जिथे अरुंद तुकडा बसवायचा असेल तिथे तो डोळ्याला दिसणाऱ्या रेघेपेक्षा काही पिक्सेल रुंद घ्यावा लागतो.

त्याच व्याख्यानात एक स्लाइड अशी होती, की ती उघडली तेव्हापासूनच तिच्यावर पिवळा हायलायटर होता आणि स्वच्छ चौकट कुठेच नव्हती. हायलायटर मात्र अक्षर झाकत नाही. पिवळ्या रंगात लाल आणि हिरवा पूर्ण असतात, फक्त निळा नसतो. म्हणून पांढऱ्यावरील काळा मजकूर लाल भागात जसाच्या तसा शिल्लक राहतो. पट्ट्यापुरता निळ्याच्या जागी लाल भाग ठेवला (`colorchannelmixer=br=1:bb=0`), की पिवळे पुन्हा पांढरे होते आणि काळे काळेच राहते. पण ही युक्ती काळ्या-पांढऱ्यापुरतीच आहे. त्याच पट्ट्याखालचे निळे शीर्षक काळे पडले होते, कारण निळ्या अक्षरात जे होते तेच पिवळ्याने काढून घेतले होते. तो रंग त्या चित्रातून परत मिळण्यासारखा नव्हता; तो आम्ही पुढच्या स्लाइडवरच्या तशाच शीर्षकावरून घेऊन भरला.

तंत्राने जमते म्हणून प्रत्येक खूण काढावी, असे मला वाटत नाही. “मी हे जे गोल केले आहे त्याकडे पाहा” असे शिक्षक म्हणत असतील आणि पडद्यावर काहीच नसेल, तर विद्यार्थ्याची फसगत होते. म्हणून काम सुरू करण्याआधी आम्ही पूर्ण ध्वनी ऐकतो, आवाजात खुणेचा उल्लेख आहे अशा जागांची वेळेनुसार यादी करतो आणि ती शिक्षकांकडे पाठवतो. नर्मदेच्या व्याख्यानाची यादी पाहून सर म्हणाले, “अहो, खंभातच्या आखाताशी काढलेला बाण राहू द्या, त्याच्यावरच पुढचे सगळे बोलणे आहे.” तो बाण आम्ही ठेवला, आणि त्याच नकाशावरचे बाकीचे पट्टे काढताना त्याची जागा तेवढी वगळून घेतली.