पिंपळगावची आजी

स्मरणिकेसाठी शिक्षकांच्या आठवणी लिहा, असं संपादक मंडळाचं पत्र आलं. शिक्षकांवर माझ्यापेक्षा हुशार विद्यार्थी लिहितीलच. मी आषाढी दशमीच्या एका रात्रीबद्दल लिहितो. त्यात आपले पी.टी.चे सर आपोआप येतात.

पंढरपूरच्या शाळेत शिकलेल्यांना सांगायला नको, की वारीत शाळा शाळा राहत नाही. बाकं व्हरांड्यात रचायची, वर्गांत बंदोबस्ताला आलेले पोलीस उतरायचे. आमच्या नववी ब च्या फळ्यावर भूमितीच्या प्रमेयाशेजारी कुणीतरी ड्यूटीचा तक्ता लिहून ठेवला होता. घरोघरी उतारू. आम्ही पोरं एरवी पाणी भर, चपला सांभाळ असली कामं करायचो. नववीत स्काउटला गेलो तेव्हा सरांनी यादीत माझं नाव घातलं आणि काम दिलं हरवलेल्या माणसांच्या मांडवात. आठशे-हजार माणसांच्या लग्नातही मी कधी स्वयंसेवक नव्हतो, इथे तर लाखो माणसं होती. नाव विचारायचं, वहीत लिहायचं आणि माइकवाल्याला चिठ्ठी द्यायची, एवढंच काम, असं मला वाटलं.

दशमीला पालख्या वाखरीहून निघतात. अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर, पण माउलींची पालखी गावात यायला रात्र होते. तोपर्यंत वाट रुंद असते. दिंडीतली माणसं एकमेकांना धरून चालतात. इसबावी ओलांडून गावात शिरलं, की गल्ल्या अरुंद होतात आणि मागून रेटा येतो. तीन आठवडे न चुकलेलं माणूस शेवटच्या अर्ध्या तासात चुकतं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत आमच्या मांडवात शुकशुकाट होता आणि नऊनंतर उभं राहायला जागा नव्हती.

पहिली अडचण नावाची. एकमेकांना सगळेच माउली म्हणणार. म्हातारी माणसं पोलिसाला माउली म्हणतात, चहावाल्याला माउली, मलाही माउली. पूर्ण नाव विचारलं तर बायका स्वतःचं सांगायच्या आणि नवऱ्याच्या नावाशी अडायच्या. त्या काळी खेड्यातली म्हातारी नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे, मग ती हरवलेली का असेना.

साडेनऊच्या सुमाराला एका हवालदारानं एका आजीला आणून बसवलं. हिरवं लुगडं, डोक्यावर तुळशीवृंदावन घट्ट धरलेलं. ते खाली ठेवायलाच तयार नव्हत्या. नाव सखुबाई. वहीत त्यांच्याआधी पाच सखुबाई होत्या.

"आजी, मालकांचं नाव?"

"त्येंचं नाव कसं घेऊ लेकरा?"

"मग ओळखायचं कसं?"

आजींनी विचार केला. "आळंदीला समाधीला बसले ना, तेच नाव."

मी लिहिलं, ज्ञानोबा. मालक वारले होते, ते नंतर कळलं. बरोबर मुलगा होता, त्याचं नाव मात्र आजींनी ठणकावून सांगितलं, पांडुरंग. गाव पिंपळगाव. मी चिठ्ठी माइकवाल्याकडे दिली आणि त्यानं ती जशीच्या तशी वाचली, "पांडुरंग ज्ञानोबा, जिथे असाल तिथून चौकातल्या मांडवात यावे, आपली आई वाट पाहत आहे."

दशमीच्या रात्री, पंढरपुरात, कर्ण्यावरून. रस्त्यातली सगळी गर्दी एका आवाजात गरजली, "पुंडलिक वरदे हाऽरी विठ्ठल!" माइकवाल्याला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून त्यानं पुन्हा वाचलं. पुन्हा गजर. त्यानंतर तीन पांडुरंग मांडवात आले. एक सांगलीकडचा, त्याची आई घरीच होती, तरी तो म्हणाला, "म्हटलं, बघावं." दुसऱ्याची खरोखरच हरवली होती, पण ही ती नव्हती. तिसरा आजींकडे बराच वेळ बघत राहिला आणि नमस्कार करून गेला.

तेवढ्यात पाऊस आला. मांडवाच्या ताडपत्रीत मघाचं पाणी साठून पोट आलं होतं, ते कुणीतरी काठीनं खालून ढोसलं आणि सगळं पाणी टेबलावर आलं. नोंदी शाईच्या पेनानं केलेल्या. वहीची पानं निळी झाली. त्या क्षणी मला घरी जावंसं वाटत होतं. शेजारी बुक्का आणि तुळशीमाळा विकणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी काही न बोलता आपलं पावतीपुस्तक पुढे केलं, कोरं, पाठीला कार्बन असलेलं, आणि चहावाल्यानं कानावरची पेन्सिल दिली. पेन्सिल पाण्यात विरघळत नाही, हे मी तिथे शिकलो. बसलेल्या सगळ्यांना पुन्हा नावं विचारायची होती. एकही माणूस चिडलं नाही. चिडला तो फक्त माइकवाला, कारण माइक बंद पडला होता.

सर मांडवात आले तेव्हा ही अवस्था होती. त्यांनी नवीन पावत्या चाळल्या आणि म्हणाले, "पिंपळगाव कुठलं? महाराष्ट्रात पिंपळगावं किती आहेत?" मी आजींना विचारलं. "आमचंच की," आजी म्हणाल्या. तालुका विचारला, तर तो त्यांच्या बोलण्यातलाच शब्द नव्हता.

सर त्यांच्या पुढ्यात उकिडवे बसले. "आजी, बाजार कुठला करता?"

"सेलूचा."

एवढं सोपं होतं. तालुका-जिल्हा हे कागदावरचं गाव. म्हातारं माणूस गावाचा पत्ता आठवडी बाजारावरून सांगतं. सेलू म्हणजे परभणीकडचं. त्यानंतर सरांनी एकदाही नाव विचारलं नाही.

"जेजुरीला भंडारा वाहिला?" वाहिला होता, म्हणजे माउलींची पालखी. तुकोबांची पालखी जेजुरीवरून जात नाही. परभणीकडची म्हणून मी शेगावची किंवा पैठणची पालखी धरून चाललो असतो, पण तिकडचे कितीतरी वारकरी आधी आळंदी गाठतात आणि तिथून चालतात.

"चालताना रथ पुढं दिसायचा का मागं?" पुढं. म्हणजे दिंडी रथामागची. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माउलींच्या सोहळ्यात दिंड्यांना क्रमांक असतात. रथापुढे सत्तावीस, बाकीच्या रथामागे. त्यामुळे नुसता क्रमांक उपयोगाचा नाही. "बारा नंबर" म्हटलं, तर कुठला बारा, पुढचा का मागचा, हे आधी कळायला हवं. दिंडीच्या ट्रकवर तो मोठ्या अक्षरात रंगवलेला असतो, आणि आजींना वाचता येत नव्हतं.

इथे मला वाटलं, संपलं. सर म्हणाले, "आजी, तुमच्या पुढच्या दिंडीत काय बघितलं?"

आजी पहिल्यांदा खुलल्या. पुढच्या दिंडीत एक आंधळे पखवाजी होते. त्यांचा हात असा गोड, की आजींच्या दिंडीतल्या बाया आपले टाळ हळू करून तो ऐकत चालायच्या. विणेकरी रागवायचा, तरीही.

दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. वर्षानुवर्षं तीच दिंडी पुढे आणि तीच मागे. त्यामुळे आपला क्रमांक माहीत नसलेलं माणूसही शेजाऱ्यावरून सापडतं. सर मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले आणि रथामागून आलेल्या प्रत्येकाला थांबवून आंधळ्या पखवाज्याबद्दल विचारू लागले. माइक नव्हता, हे एका अर्थी बरंच झालं. चार-पाच जणांनी माना हलवल्या. मग एक भिजलेले गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "ते होय, ते तर आमच्या पुढं दोन." म्हणजे मधली दिंडी आजींची. ती कुठे उतरते तेही त्यांना ठाऊक होतं, कैकाडी महाराज मठाच्या पलीकडे एका वाड्यात.

सरांनी मला आजींबरोबर पाठवलं. गर्दीतून माणूस न्यायचं असेल, तर हात धरायचा नाही, ओढाताणीत सुटतो. आजींनी माझ्या स्कार्फचं टोक मुठीत धरलं आणि मी पुढे. महापूजेच्या बंदोबस्तासाठी मंदिराकडच्या वाटा बंद व्हायला लागल्या होत्या. गल्लीबोळ मला पाठ होते, पण रोजच्या बोळातही माणसं झोपलेली, त्यांना ओलांडायचं नाही, वळसा घालायचा. मध्येच आजींची चप्पल चिखलात राहिली. एका ओट्यावर बसलेल्या वारकऱ्यानं स्वतःची काढून दिली. "मला काय, सकाळी चंद्रभागेवरच जायचंय," म्हणाला. नाव विचारायला मी थांबलो नाही. थांबलो असतो तरी माउली असंच सांगितलं असतं.

वाड्यात दिंडी होती, पांडुरंग नव्हता. तो संध्याकाळपासून वाळवंटात आईला शोधत होता, आणि तिथून कुणाकडून तरी मांडवाचं ऐकून आमच्याच मांडवाकडे गेला होता. मी परत मांडवात पोहोचलो, तोवर सरांनी त्याला वाड्याकडे पिटाळलेलं. तो दुसऱ्या बोळानं गेला असणार. मी पुन्हा वाड्यावर, कारण आजी सापडल्या का, याची पोच सरांना हवी होती. या वेळी पांडुरंग आईपुढे बसला होता आणि आजी त्याला रागवत होत्या, कुठं हरवला होतास म्हणून.

मला बघताच तो चाळिशीचा माणूस उठला आणि माझ्या पाया पडला. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात हे मी जन्मापासून बघत होतो, पण हाफपँटमधल्या माझ्या पाया कुणी पडलं नव्हतं. मी एक पाऊल मागे सरकलो आणि पाण्याच्या घागरीवर आपटलो. घागर आडवी झाली, दोघांची अंथरुणं भिजली. दिंडीतल्या बाया हसल्या. एकीनं माझ्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवला. "बारा वाजून गेले, उपासाचंच आहे, खा." आजींनी माझा चिखलानं भरलेला स्कार्फ काढून पिळून दिला. मी त्यांच्या पाया पडलो, पांडुरंगाच्याही पडलो, आणि मांडवात परत आलो. तिथे वडगावचे एक आजोबा बसले होते. वडगावं पिंपळगावांपेक्षा कमी नाहीत.

पुढच्या वर्षी सरांनी शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रश्नांची कार्डं काढली. पहिला प्रश्न, बाजार कुठला करता. मग कोणती पालखी, रथ पुढं का मागं, पुढच्या दिंडीत कोण. नाव शेवटच्या ओळीत. वर सरांच्या अक्षरात सूचना होती, "पेन्सिलीनेच लिहावे." त्या काळच्या स्काउटांपैकी कुणाजवळ एखादं कार्ड राहिलं असेल, तर महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी शाळेच्या कार्यालयात जरूर द्यावं. माझ्याजवळ होतं ते घर बदलताना गेलं.